रीटमधलं भाडं तुमच्या खात्यात येतं कसं

प्रश्न: माझ्याकडे साधारण १० लाख रुपये आहेत. नाशिकला दुकानाचा गाळा बघत होतो, पण बजेटमध्ये बसत नाही. ऑफिसमधला मित्र म्हणतो, रीट घे, इमारत न घेता भाडं मिळतं, वर्षाला सात टक्के सुटतात. बाबा म्हणतात, हातात खरेदीखत नाही तर ते भाडं कसलं? हे पैसे नेमके येतात कुठून, आणि सात टक्के म्हणजे खरंच सात टक्के का?

उत्तर:

पैसे भाड्यातूनच येतात. सात टक्क्यांचं मात्र तसं सरळ नाही. तुमच्या खात्यात जी रक्कम पडते ती कागदोपत्री तीन वेगळ्या नावांनी येते, आणि प्रत्येक नावाचा कर वेगळा. ही तीन नावं समजली की रीट समजलं, म्हणून मी बहुतेक वेळ त्यांच्यावरच घालवणार आहे.

माझ्याबद्दल एवढंच, की मी बरीच वर्षं पुण्यात आयटी कंपन्यांना ऑफिसच्या जागा भाड्याने लावून देण्याचं काम केलं. आता लोकांच्या गुंतवणुकीचे हिशेब बघतो. म्हणजे भाडं जिथून निघतं ते टोक मी पाहिलंय आणि जिथे पोचतं ते टोकही रोज बघतो.

आधी तुम्ही विकत काय घेता ते बघू. ऐरोलीला किंवा खराडीला काचेच्या मोठ्या इमारती दिसतात, त्यातली एखादी समजा. ती इमारत एका खासगी कंपनीच्या नावावर असते. त्या कंपनीचं दुसरं कामच नसतं. जागा बाळगायची, भाडं घ्यायचं, एवढंच. या कंपनीचे सगळे किंवा बहुतेक शेअर एका ट्रस्टकडे असतात, तो ट्रस्ट म्हणजे रीट. ट्रस्टची मालकी छोट्या छोट्या युनिटांत वाटलेली असते आणि ती युनिटं शेअर बाजारात शेअरसारखीच विकली-घेतली जातात. तुमच्या डीमॅट खात्यात पडतात ती ही युनिटं. तेव्हा खरेदीखत आहे, पण ते कंपनीच्या नावाने. तुमचा हक्क त्या कंपनीच्या मालकाच्या मालकीत आहे. बाबांची शंका चुकीची नाही, फक्त साखळी दोन कड्यांनी लांब आहे.

सेबीने यासाठी २०१४ साली नियम केले. पहिलं रीट बाजारात यायला मात्र २०१९ चा एप्रिल उजाडला. ते बेंगळुरूच्या एम्बसी समूहाचं आणि ब्लॅकस्टोनचं. २०२० मध्ये के. रहेजा समूहाचं माइंडस्पेस आलं, ज्यात ऐरोली, मालाड, येरवडा, खराडी इथल्या जागा आहेत. मग २०२१ मध्ये ब्रूकफिल्ड, २०२३ मध्ये मॉलवालं नेक्सस, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये नॉलेज रिअल्टी. एम्बसीच्या वेळी अर्ज करायला किमान दोन लाखांच्या वर रक्कम लागत होती. २०२१ मध्ये सेबीने अर्जाची किमान रक्कम १० ते १५ हजारांवर आणली आणि बाजारात एक एक युनिट घ्यायची सोय केली. आज शंभर रुपयांपासून काही शेपर्यंतच्या भावात एक युनिट येतं. छोट्या माणसासाठी दार उघडलं ते तेव्हा.

नियमांपैकी दोन लक्षात ठेवा. रीटच्या मालमत्तेपैकी किमान ८० टक्के हिस्सा बांधून पूर्ण झालेल्या, उत्पन्न देणाऱ्या जागांत हवा. म्हणजे बिल्डरच्या अर्धवट सांगाड्यात तुमचे पैसे अडकवता येत नाहीत. आणि वाटण्यायोग्य जी रोकड उरते तिच्यातला किमान ९० टक्के भाग युनिटधारकांना वाटावाच लागतो, तोही वर्षातून दोनदा तरी. प्रत्यक्षात बहुतेक जण तिमाहीला वाटतात. व्यवस्थापकाची मर्जी असो-नसो, पैसे दाबून ठेवता येत नाहीत.

आता एक इमारत घेऊन हिशेब करू. आकडे मी गोल धरतो, ही कुठली खरी इमारत नाही.

दहा लाख चौरस फुटांचा एक आयटी पार्क. ९० टक्के जागा भाड्याने गेलेली. भाडं महिन्याला चौरस फुटाला ७० रुपये. वर्षाचं भाडं झालं ७५ कोटी ६० लाख. मालकाचे खर्च म्हणजे मालमत्ता कर, विमा, डागडुजी, रिकाम्या दहा टक्क्यांचा मेंटेनन्स, असे ९ कोटी ६० लाख काढले की उरले ६६ कोटी. इमारतीवर बँकेचं २०० कोटींचं कर्ज आहे, त्याचं आठ टक्क्यांनी व्याज १६ कोटी. कंपनीचा आयकर, व्यवस्थापकाची फी, ट्रस्टीचा नि लेखापरीक्षकाचा खर्च मिळून ६ कोटी. शिल्लक ४४ कोटी. ही झाली वाटायची रोकड, आणि आपण धरू की ती सगळी वाटली.

मूल्यांकन करणारा बाहेरचा माणूस असतो. त्याने ६६ कोटींचं उत्पन्न हे किमतीच्या आठ टक्के मानून इमारतीची किंमत ८२५ कोटी धरली असं समजा. कर्जाचे २०० वजा जाता ६२५ कोटी युनिटधारकांचे. युनिटं अडीच कोटी. म्हणजे एका युनिटमागे २५० रुपयांची मालमत्ता, आणि वर्षाची वाटणी १७ रुपये ६० पैसे. बाजारातही भाव २५० च असेल तर उत्पन्न सात टक्के. तुमच्या मित्राचे सात टक्के ते हे.

तुम्ही दहा लाखांची ४,००० युनिटं घेतलीत, तर वर्षाला ७०,४०० रुपये खात्यात येतील. वाटणीच्या सूचनेत मात्र ते असे फोडलेले दिसतील: युनिटमागे ६ रुपये व्याज, ७ रुपये ६० पैसे लाभांश, आणि ४ रुपये कर्जाची परतफेड. काही वाटण्यांत किरकोळ उत्पन्न म्हणून चौथं एखादं छोटं नाव असतं, ते सोडून देऊ.

व्याज कुठून आलं? आपण तर मालक, सावकार नव्हे, असं पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. होतं काय, की रीट लोकांकडून पैसे गोळा करतं तेव्हा त्यातले बरेचसे इमारतवाल्या कंपनीला कर्ज म्हणून देतं, आणि ती कंपनी त्या पैशातून बँकेचं महागडं जुनं कर्ज फेडते. बँकेच्या जागी रीट सावकार होऊन बसतं. आपल्या उदाहरणात रीटने कंपनीला १२५ कोटी बारा टक्क्यांनी दिलेत असं समजा. वर्षाचं व्याज १५ कोटी. कंपनी हे व्याज खर्च म्हणून दाखवते, त्यामुळे तेवढ्यावर तिला आयकर पडत नाही. रीटच्या हातीही त्यावर कर नाही. कर भरायचा तो शेवटच्या माणसाने, म्हणजे तुम्ही, तुमच्या स्लॅबप्रमाणे. सगळी व्यवस्थाच अशी रचलीय की त्या रुपयावर एकदाच कर बसावा.

लाभांश सोपा आहे. कंपनीला हिशेबात जो नफा उरला तो. आपल्या कंपनीत तो १९ कोटी आहे.

तिसरं नाव मात्र नीट बघायला हवं, कारण इथे दोन्ही बाजूंनी गैरसमज होतात. १५ कोटी व्याज आणि १९ कोटी लाभांश मिळून ३४ होतात. रोकड तर ४४ कोटी होती. मधले १० कोटी गेले कुठे? ते घसाऱ्यात गेले. इमारत दर वर्षी थोडी जुनी होते म्हणून हिशेबाच्या वहीत तिच्या किमतीतून १० कोटी खर्च टाकले. हा खर्च फक्त वहीतला. कोणाला चेक दिलेला नाही. पण वहीतला नफा तेवढ्याने घटला, आणि कायद्याने लाभांश नफ्यातूनच देता येतो. मग तिजोरीत पडलेल्या या १० कोटींना बाहेर काढायचं कसं? कंपनीला रीटचं कर्ज फेडायचं आहेच. ती त्या मुदलातले १० कोटी परत करते, आणि रीट ते पुढे तुम्हाला देतं. म्हणून त्याचं नाव कर्जाची परतफेड.

काही जण हे बघून घाबरवतात, की अहो हे तर तुमचेच पैसे तुम्हाला परत देतायत, खरं उत्पन्न साडेपाच टक्केच. उलट बाजूचे एजंट म्हणतात, हा करमुक्त भाग आहे, मजा करा. दोघेही अर्धंच सांगतात. ते दहा कोटी भाडेकरूनेच दिलेले आहेत, ती रोकड खरी आहे. पण घसाराही निव्वळ कागदी नाही. पंधरा वर्षांनी लिफ्ट बदलाव्या लागतात, एअर कंडिशनिंगचा सगळा प्लांट बदलावा लागतो, दर्शनी काच नवी करावी लागते. तेव्हा नवी इमारत शेजारी उभी असते आणि भाडेकरू तिकडे बघत असतो. वाटून टाकलेली रोकड त्या दिवशी नसते, मग कर्ज काढावं लागतं. माझ्या अंदाजाने या तिसऱ्या भागातला थोडा तुमचा, थोडा इमारतीचा. म्हणून सात टक्क्यांत मी स्वतः हा भाग पुरता धरत नाही, अर्धा धरतो. हा नियम नाही, माझी सवय आहे.

आता कराचं बघा, म्हणजे आकडा हातात येईल. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहात असं धरतो. व्याजाचे २४,००० तुमच्या उत्पन्नात मिळवले जातील. उपकरासह ७,४८८ रुपये कर. रीट दहा टक्के टीडीएस आधीच कापून देईल, उरलेला तुम्ही भरायचा. लाभांशाचे ३०,४०० करमुक्त आहेत की नाहीत हे इमारतवाल्या कंपनीवर ठरतं. तिने कमी दराची नवी कंपनी-कर योजना निवडली नसेल तर तुम्हाला लाभांशावर कर नाही. निवडली असेल तर तुम्हाला स्लॅबने भरायचा. एकाच रीटखाली दहा कंपन्या असतात, त्यातल्या काही इकडे, काही तिकडे. वाटणीच्या सूचनेत लाभांशाचे हे दोन भाग वेगळे दिलेले असतात. घेण्याआधी मागच्या चार तिमाह्यांच्या सूचना उघडून बघा. माझ्या मते रीट निवडताना बहुतेक जण बघत नाहीत आणि बघायलाच हवी अशी ही गोष्ट आहे.

परतफेडीचे १६,००० आले त्या वर्षी कर नाही. पण तुमच्या खरेदीच्या किमतीतून ते वजा होतात: २५० ला घेतलेलं युनिट करासाठी २४६ चं झालं. २०२३ च्या अर्थसंकल्पात ही तरतूद आली; त्याआधी हा भाग कराच्या जाळ्यातून निसटत होता. सहा वर्षांत ९६,००० रुपये असे आले आणि तुम्ही युनिटं घेतल्या भावालाच विकलीत, तरी कागदावर तुम्हाला ९६,००० चा नफा झाला. बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या युनिटांवर आजचा दर साडेबारा टक्के, आणि शेअर वगैरे धरून वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही. तेव्हा हा कर पुढे ढकलला जातो आणि बहुधा हलका होतो. एक बारकावा: एका युनिटवर आजवर या नावाखाली वाटलेली एकूण रक्कम, आधीच्या मालकांना मिळालेली धरून, मूळ विक्रीच्या किमतीच्या पुढे गेली की वरचा भाग थेट तुमचं उत्पन्न धरला जातो. आपली रीट अजून तरुण आहेत, पण पंधरा वर्षांनी हे बघावं लागेल.

बेरीज केली तर लाभांश करमुक्त असल्यास तुमच्या हातात ७०,४०० पैकी सुमारे ६२,९०० राहतात, म्हणजे ६.३ टक्के. लाभांशावर कर असेल तर सुमारे ५३,४००, म्हणजे ५.३ टक्के. सात टक्क्यांच्या एफडीचे त्याच स्लॅबमध्ये ४.८ टक्के उरतात. फरक आहे. पण एफडीत मुद्दल हलत नाही, इथे हलतं, आणि उत्पन्नही हलतं.

किती हलतं ते त्याच इमारतीवर बघू. एक मोठा भाडेकरू निघून गेला आणि भरलेली जागा ९० वरून ७८ टक्क्यांवर आली. भाडं झालं साडेपासष्ट कोटी. मालकाचे खर्च मात्र कमी होत नाहीत, वाढतात, कारण रिकाम्या मजल्यांचा मेंटेनन्स आता मालकाच्या गळ्यात. ते धरा साडेअकरा कोटी. उरले ५४. बँकेचं व्याज १६ तसंच आहे, इतर खर्च ५. शिल्लक ३३ कोटी, म्हणजे युनिटमागे १३ रुपये २० पैसे. भाडं तेरा टक्क्यांनी घटलं, तुमची वाटणी पंचवीस टक्क्यांनी. मधलं कर्ज आणि ठरलेले खर्च हे तरफेसारखं काम करतात. म्हणून कर्ज किती आहे ते बघायचं. मालमत्तेच्या ४९ टक्क्यांपर्यंत कर्जाला नियम परवानगी देतो, २५ च्या वर जायचं असेल तर पतमानांकन आणि युनिटधारकांची मंजुरी लागते. मला तिशीच्या आत असलेलं रीट झोपेला बरं वाटतं.

भाडेकरू जाणार हे आधी कळतं का? ऑफिसच्या धंद्यात बऱ्यापैकी कळतं, आणि इथे माझं जुनं काम उपयोगी पडतं. मोठ्या कंपनीचा भाडेकरार नऊ-दहा वर्षांचा असला तरी तिला बांधून ठेवणारा काळ, ज्याला आम्ही लॉक-इन म्हणतो, तो बहुधा तीन ते पाच वर्षांचा असतो. तो संपला की कंपनी नोटीस देऊन जाऊ शकते. मालक मात्र तिला काढू शकत नाही. जाहिरातीत ‘सरासरी उरलेली मुदत सात वर्षं’ असं छापतात तेव्हा ती पूर्ण करार धरून असते. खरं बघायचं ते पुढच्या तीन वर्षांत किती टक्के भाड्याचे करार संपतात आणि त्यांचं सध्याचं भाडं बाजारभावाच्या खाली आहे की वर. खाली असेल तर करार संपणं ही चांगली बातमी, नव्या दराने भाडं वाढेल. वर असेल तर भाडेकरू दर पाडून मागणार किंवा जाणार. हे आकडे रीटच्या तिमाही सादरीकरणात असतात. पहिल्या दहा भाडेकरूंचा हिस्साही तिथेच सापडतो.

कधी कधी भाडेकरूचाही दोष नसतो. आपल्याकडच्या आयटी पार्कांत सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, इमारती खूप. सेझमध्ये नव्याने येणाऱ्यांची आयकर सवलत २०२० नंतर संपली, त्याच वेळी कोविडने लोक घरून काम करू लागले. कर वाचत नाही म्हटल्यावर सेझच्या अटी पाळत तिथे बसायला नवी कंपनी कशाला येईल? आणि सेझबाहेरच्या कंपनीला ती जागा देता येत नव्हती. मागणी दाराबाहेर उभी आणि मजले रिकामे. डिसेंबर २०२३ मध्ये एकेक मजला सेझमधून बाहेर काढायची परवानगी मिळाली, मग हळूहळू ते भरायला लागले. आजही रीट बघताना त्याच्या रिकाम्या जागेत सेझचा वाटा किती, हे मी पहिलं बघतो. तो वाटा मोठा असेल तर रिकामेपणाचं कारण जागा वाईट असणं नसून परवानगीचा कागद असू शकतो.

आता बाजारातला भाव. गाळ्याचा भाव रोज कोणी सांगत नाही, म्हणून तो स्थिर वाटतो. युनिटचा भाव रोज सांगतात. एम्बसी रीट २०१९ मध्ये ३०० रुपयांना आलं, पहिल्या वर्षात चांगलंच वर गेलं, आणि २०२३ मध्ये फिरून तीनशेच्या आसपास होतं. या चार वर्षांत दर वर्षी युनिटमागे २० रुपयांहून जास्त वाटणी झाली. म्हणजे सुरुवातीला घेणाऱ्याला भाडं मिळत राहिलं, भाववाढ नाही. आणि वरच्या भावाला घेणाऱ्याचं मुद्दल घटलं. त्या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चारवरून साडेसहावर नेला होता. एफडीच सात टक्के द्यायला लागली तर रीटच्या सात टक्क्यांना लोक कमी भाव देणार, एवढं साधं त्याचं कारण. व्याजदर उतरले की हेच उलटं होतं.

आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. ९० टक्के वाटून टाकल्यावर रीटकडे नवी इमारत घ्यायला पैसे उरत नाहीत. मग ते कर्ज काढतं किंवा नवी युनिटं विकतं. नवी इमारत बहुधा स्पॉन्सरकडूनच, म्हणजे ज्या समूहाने रीट उभं केलं त्याच्याकडूनच घेतली जाते. घेणारा आणि विकणारा एकाच घरातले. यासाठी स्वतंत्र मूल्यांकन आणि उरलेल्या युनिटधारकांचं मतदान असे नियम आहेत, आणि बहुतेक व्यवहार ठीक असतात. तरी बातमी येते ती ‘एकूण उत्पन्न तीस टक्क्यांनी वाढलं’ अशी. तुम्ही बघायचं एका युनिटमागची वाटणी वाढली का. इमारती दुप्पट आणि युनिटंही दुप्पट, तर तुम्हाला काय मिळालं?

गाळ्याबद्दल विचारलं नाहीत, पण मनात आहे म्हणून सांगतो. मी २०१४ मध्ये पुण्याच्या एका उपनगरात नव्या संकुलात गाळा घेतला होता. बिल्डरने समोरून रस्ता निघणार असं सांगितलं होतं, तो पाच वर्षं निघाला नाही. गाळा चौदा महिने बंद, आणि सोसायटी दुकानांना फ्लॅटपेक्षा जास्त मेंटेनन्स लावत होती. मुद्रांक शुल्क, नोंदणी, शटर, वीजमीटर, एजंटचं एका महिन्याचं भाडं, हे सगळं धरून पहिल्या तीन वर्षांचं माझं उत्पन्न दोन टक्क्यांच्या खाली होतं. पुढे तिथे औषधाचं दुकान आलं आणि आज तो चांगला चालतो. एकच भाडेकरू असला की तो असतो किंवा नसतो, अधलं-मधलं काही नाही. दहा लाखांचं गणित त्यावर लावायला मी सांगणार नाही.

एका फाट्यापासून जपा. ‘दहा लाखांत ऑफिस इमारतीचे भागीदार व्हा’ अशा जाहिराती तुम्हाला आता दिसायला लागतील. २०२४ मध्ये सेबीने छोट्या आणि मध्यम रीटचे वेगळे नियम केले: ५० ते ५०० कोटींपर्यंतची मालमत्ता, आणि किमान गुंतवणूक दहा लाख. पहिली अशी योजना डिसेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूच्या ऑफिसच्या जागेवर आली. नियम कडक आहेत, ही फसवणूक नाही. पण तुमचे सगळे पैसे एका इमारतीत, कधी कधी एका भाडेकरूत जातात आणि विकायला गेलात तर समोर घेणारा पुन्हा दहा लाखवालाच लागतो. ती गाळ्याचीच मोठी बहीण. तुमच्या रकमेसाठी मोठी रीटच बरी. आणि सेबीकडे नोंदणीच नसलेल्या, फक्त वेबसाइटवर इमारतीचे तुकडे विकणाऱ्यांकडे जाऊच नका.

सुरुवात कशी करायची? दहाचे दहा लाख एकदम घालू नका. मी असतो तर दोन रीटमध्ये, एक ऑफिसचं आणि एक मॉलचं, मिळून तीनेक लाख घातले असते, तेही दोन-तीन हप्त्यांत. ऑर्डर देताना ‘बाजारभाव’ न टाकता स्वतः भाव टाका. काही रीटमध्ये रोजची उलाढाल कमी असते आणि घाईत रुपया-दोन रुपये जास्त जातात. घेण्याआधी दोन आकडे शेजारी ठेवा: बाजारातला भाव आणि शेवटच्या मूल्यांकनातली युनिटमागची मालमत्ता. भाव त्याच्या बराच वर असेल तर थांबायला हरकत नाही.

मग पहिल्या वाटणीची वाट बघा. वाटणी कोणाला द्यायची हे ज्या दिवशीच्या यादीवरून ठरतं त्या रेकॉर्ड डेटला युनिटं तुमच्या नावावर असली की पुढच्या काही दिवसांत बँकेत रक्कम येईल, कधी एकरकमी, कधी दोन-तीन वेगळ्या नोंदींत. टीडीएस फक्त व्याजावर आणि करपात्र लाभांशावर कापलेला असेल, म्हणून रक्कम तुमच्या गुणाकाराशी जुळणार नाही. गोंधळू नका, सूचना उघडून नावाप्रमाणे जुळवा. वर्षाअखेर ट्रस्ट या फोडीचं विवरण पाठवतो, ते जपून ठेवा. रिटर्न भरणारे बरेच जण सगळी रक्कम लाभांशात टाकून मोकळे होतात आणि जास्त कर भरून बसतात. परतफेडीच्या रकमांची एक साधी वही मात्र तुम्हीच ठेवा, युनिटमागे किती, कोणत्या तारखेला. सात वर्षांनी विकायला जाल तेव्हा खरेदीची किंमत काय लावायची हे त्याच वहीत सापडेल.